तेलही गेलं, धूरही नाही

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने बरीच वर्षं काढली, त्याला एक खोड लागते. आत किती गेलं, बाहेर किती आलं आणि मधलं कुठे गेलं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्या केमिकलच्या प्लँटमध्ये दर शिफ्टला हा हिशेब मांडायचा असतो आणि तो जुळला नाही, तर जुळेपर्यंत घरी जाता येत नाही. आमच्या पश्चिमेला, समुद्राच्या काठी, हाच हिशेब फार वरच्या पातळीवर चालतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली असल्याने तिथे इंधनाची कांडी न् कांडी वहीत असते आणि ती मोजायला परदेशातून माणसं येतात. अशा पंचक्रोशीत राहून माझ्या स्वतःच्या गाडीतलं तेल दर महिन्याला कमी व्हावं आणि ते कुठे गेलं हे मला सांगता येऊ नये, ही शोभेची गोष्ट नव्हती.

गाडी म्हणजे पालघरात निम्म्या घरांसमोर उभी असते तसली लहान, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. लाखाच्या वर किलोमीटर झालेले. दोन ऑइल बदलींच्या मध्ये डिपस्टिकवरची रेघ हळूहळू खाली सरकायची. खाली गळती नाही, मागे धूर नाही, ओढ पहिल्यासारखीच.

असं काही झालं की आपल्याकडे सल्ले फुकट मिळतात. शेजारच्या काकांना खात्री होती की रात्री कोणीतरी तेल काढून नेतं. वापरलेलं काळं तेल चोरून चोर त्याचं काय करणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण संशय पक्का होता. घरून सूचना आली, "अहो, त्या कांडीकडे बघणंच बंद करा ना." हा उपाय पुष्कळ लोक करतात आणि त्यांच्या गाड्यांचं तेल कधीच कमी होत नाही.

पहिलं काम गळती नाही हे सिद्ध करण्याचं. पावसाळा सरल्यावर, कोरड्या फरशीवर, गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्रं अंथरून ठेवली. सकाळी त्यावर एसीच्या पाण्याचा एक वाळलेला डाग आणि मांजराचे पाय, एवढंच. तेवढ्याने भागत नाही, कारण काही गळत्या इंजिन चालू असताना, तेलाला दाब असतानाच होतात आणि उभ्या गाडीखाली काही दिसत नाही. म्हणून इंजिनाचा खालचा भाग आणि गिअरबॉक्सचा सांधा स्वच्छ पुसून घेतला आणि आठवडाभर गाडी चालवून पुन्हा हात फिरवला. हाताला धूळ लागली, तेल लागलं नाही. रेडिएटरचं पाणीही स्वच्छ होतं, तेलाची साय नव्हती. म्हणजे तेल बाहेर पडत असेल, तर ते सायलेन्सरमधूनच पडत होतं. पण सायलेन्सरमधून पडतं तर दिसत का नाही?

इथे मला आमच्या जुन्या स्कूटरची आठवण झाली. दोन स्ट्रोकच्या चेतकमध्ये पेट्रोलबरोबर दोन टक्के तेल मुद्दाम मिसळावं लागायचं, म्हणजे लिटरमागे वीस मिली. तेवढं तेल जाळणाऱ्या स्कूटरच्या मागचा निळसर धूर आणि तो वास ज्यांनी अनुभवलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. आता गाडीचा हिशेब. माझ्या मोजणीत ती हजार किलोमीटरला ३१० मिली तेल संपवत होती. लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर हजार किलोमीटरला पेट्रोल लागलं साधारण ६७ लिटर. ३१० भागिले ६७, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे साडेचार मिलीच्या आसपास. चेतकच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी! वर गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो आणि तो तापला की उरलंसुरलं तेलही तिथेच जाळून टाकतो. चेतकला असली सोय नव्हती.

हा हिशेब आणखी बारीक केला, तर गंमत वाटते. हजार किलोमीटरला ३१० मिली म्हणजे किलोमीटरला सहा थेंब. ताशी चाळीसच्या वेगाने, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, एका किलोमीटरमध्ये इंजिन तीन हजार फेऱ्या मारतं आणि चारही सिलिंडर मिळून सहा हजार स्फोट करतं. सहा थेंब, सहा हजार स्फोट. एका थेंबात हजार स्फोट जेवून उठतात. मागून येणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? तेव्हा 'धूर नाही' याचा अर्थ 'तेल जळत नाही' असा होत नाही, 'अजून फार जळत नाही' एवढाच होतो. निळा धूर डोळ्यांना दिसायला लागतो, तेव्हा प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं.

३१० हा आकडा मात्र सहज हाती लागला नाही. डिपस्टिक ही प्रामाणिक वस्तू आहे, पण तिला नीट विचारावं लागतं. गाडी सपाट जागी हवी. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं तेल चेंबरमध्ये उतरतं. कांडी काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग वाचायची. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक लहान गाड्यांना एक लिटरच्या आतबाहेर फरक असतो, त्यामुळे नुसत्या नजरेने शंभर-दीडशे मिलीची चूक सहज होते. म्हणून मी वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं, किलोमीटर लिहून ठेवले, आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच वेळी, प्रयोगशाळेतल्या मापाने पुन्हा त्याच खुणेपर्यंत तेल ओतलं. जेवढं ओतलं, तेवढं गेलं.

तरी पहिल्या मोजणीचा आकडा संशय यावा इतका कमी आला. गाडीचा महिनाभराचा प्रवास म्हणजे घर ते पालघर स्टेशन, स्टेशन ते बाजार, बाजार ते शाळा. बोईसरला मी गाडीने, म्हणजे रेल्वेगाडीने जातो. अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापतं न तापतं तोच बंद होतं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. सोबत थोडं पाणीही. वरून तेल जातंय, खालून पेट्रोल येतंय, आणि कांडीवरची रेघ बऱ्यापैकी जागच्या जागी! त्या रेघेवर विश्वास ठेवून जव्हार, मोखाडा, त्र्यंबकमार्गे नाशिकला जाऊन आलो. लांबच्या प्रवासात तेल नीट तापलं, मिसळलेलं पेट्रोल-पाणी उडून गेलं, आणि परतल्यावर रेघ एकदम इतकी खाली दिसली की शेजारच्या काकांनी नाशिकच्या चोरांबद्दल मत दिलं. त्यानंतर मी मोजणीच्या दोन्ही टोकांना एकेक लांबची फेरी ठेवली आणि मगच ३१० हा आकडा वहीत गेला.

बोईसरच्या नवापूर नाक्याकडे माझे एक ओळखीचे मेस्त्री आहेत. त्यांना वही दाखवली. त्यांनी वही बघितली, मला बघितलं, आणि म्हणाले, "साहेब, लोक गाडी घेऊन येतात. तुम्ही ऑडिट घेऊन आलात."

मेस्त्रींनी आधी सगळ्यांत स्वस्त संशयित पकडला. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो साठू नये म्हणून एका व्हॉल्व्हमधून आणि नळीतून पुन्हा इंजिनाच्या श्वासात सोडलेला असतो. हा व्हॉल्व्ह चिकटला तर वायूबरोबर तेलाचे तुषारही ओढले जातात. व्हॉल्व्ह काढून हलवला, तो खुळखुळत होता, म्हणजे ठीक. तरी बदलला, कारण स्वस्त होता. पुढच्या हजार किलोमीटरला २९० मिली. मोजणीतली चूकच जवळजवळ एवढी असते, त्यामुळे त्याला सोडून द्यावं लागलं.

उरले दोघं, रिंगा आणि व्हॉल्व्ह सील. दोघांचीही कामं तेल अडवण्याची, पण वाटा वेगळ्या.

पिस्टनवर साधारणपणे तीन खाचा असतात. वरच्या दोन रिंगा स्फोटाचा दाब धरून ठेवतात. फट ठेवलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीवर दाबून बसणारी धातूची रिंग जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी केली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. तिसरी, खालची, ती ऑइल रिंग. दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये त्यांना बाहेर रेटणारी स्प्रिंगसारखी जाळी. सिलिंडरच्या भिंतीवर तेल उडत असतं, पिस्टन खाली येताना ही रिंग ते निपटून घेते, रवीला चिकटलेलं लोणी बोटाने निपटून भांड्यात सोडतात तसं, आणि पिस्टनच्या खाचेतल्या बारीक भोकांमधून ते खाली परत जातं. जाताना भिंतीवर एक अगदी पातळ थर मात्र तिने ठेवायचाच असतो, नाहीतर वरच्या रिंगा कोरड्या घासतील. म्हणजे थोडं तेल जळणार हे इंजिन बनवणाऱ्यानेच मान्य केलेलं असतं. काही गाड्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कुठे त्याहूनही जास्त, चालेल असं लिहिलेलं सापडतं. पुस्तिका वाचण्याची आपल्याकडे पद्धत नसल्याने हे कोणाला ठाऊक नसतं.

ही रिंग झिजते, पण त्याआधी बऱ्याचदा ती चिकटते. ऑइल बदलायला उशीर झाला, गाडी सतत थोडीथोडीच चालली, की तेलाचा जळून कोळसा होतो आणि ती बारीक भोकं बुजतात. निपटलेल्या तेलाला परत जायला वाट राहत नाही, जाळी जाम होते, पट्ट्या भिंतीला टेकल्यासारख्या करतात पण दाबत नाहीत.

दुसरी वाट वरून. व्हॉल्व्हचे दांडे हेडमधल्या गाइडमध्ये वरखाली होतात, आणि वर कॅमशाफ्टपाशी तेलाचा सुकाळ असतो. दांड्यावरून ते खाली ओघळू नये म्हणून प्रत्येक दांड्यावर एक रबरी टोपी असते, तीच व्हॉल्व्ह सील. माझ्या इंजिनात अशा सोळा टोप्या. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून त्यांचं रबर कडक होतं, ओठ दांड्यापासून सुटतात. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इनटेकच्या बाजूला मोठी पोकळी तयार होते आणि ती तेल खाली ओढून घेते.

या दोघांतला चोर कोणता? मेस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. चार सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआयच्या दरम्यान आले. मग प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं. वरच्या रिंगा झिजल्या असतील, तर हे तेल फट भरून काढतं आणि आकडा चांगलाच उसळतो. इथे सगळीकडे थोडाच वाढला. एखादा मेस्त्री इथे म्हणाला असता की रिंगा एकदम ओके, विषय संपला. आमचे मेस्त्री तसे नाहीत. "हा घड्याळ वरच्या दोघींचं सांगतो," ते म्हणाले. "तिसरीबद्दल तो काही बोलत नाही." खरं आहे ते. ऑइल रिंग पूर्ण जाम असली तरी कॉम्प्रेशन झकास येऊ शकतं. आणि व्हॉल्व्ह सीलचा तर कॉम्प्रेशनशी संबंधच नाही. ही चाचणी पुष्कळांना निर्दोष सोडते, आणि त्यातले बरेच दोषी असतात.

प्लग मात्र थोडं बोलले. चारपैकी दोन प्लगांवर काळपट थर एकाच बाजूला होता, इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूला. रिंगांतून तेल आलं तर बहुधा प्लगचं अख्खं तोंड काळं, ओलसर होतं. हा इशारा सीलकडे होता, पुरावा नव्हे.

पुराव्यासाठी वाघोबाच्या घाटात गेलो. पालघर-मनोर रस्त्यावरचा हा घाट लहानसा, पण कामाला पुरतो. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता खाली उतरवली. मागे सातपाटीचा माझा मित्र मोटारसायकलवर, हेडलाइट माझ्या सायलेन्सरवर लावून. त्याच्या घरची बोट आहे, डिझेल इंजिनांच्या धुराचा त्याला जन्माचा अभ्यास. उतार संपला की एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा, असं ठरलं होतं. उतरताना पोकळीने ओढलेलं तेल साठतं आणि पाय दाबताच ते एकदम जळतं. खाली आल्यावर तो म्हणाला, "आला रे. एकच झुळूक, निळी. दिवसा आलो असतो तर देवालासुद्धा दिसली नसती." आणि पुढे त्याने जोडलं, "आमच्या बोटीच्या मानाने ही गाडी ब्रह्मचारी आहे."

रिंगांचा धूर साधारण उलट वागतो, तो जोर लावताना, चढावर आणि सततच्या वेगात येतो. तेव्हा सीलवर शिक्कामोर्तब झालं. त्यांचं एक बरं असतं की त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही. कॅमशाफ्ट काढायचे, ज्या सिलिंडरचं काम त्याचा पिस्टन वर आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत भरायची म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे, जुनं सील पकडीने उपटायचं, नवं तेलात बुडवून बसवायचं. सोळा वेळा. मेस्त्रींचा दिवस गेला. जुनी सीलं हातात घेतली तर ती रबराची राहिलीच नव्हती, बोटाने दाबल्यावर कटकन तुटत होती. मेस्त्रींनी प्रत्येक दांडा हलवूनही बघितला, कारण गाइड झिजलेली असेल तर दांडा डुगडुगतो आणि नवं सील फार टिकत नाही. आमचे दांडे स्थिर होते.

पुढच्या हजार किलोमीटरचा आकडा: १९० मिली.

म्हणजे शंभरएक मिलीचा चोर सापडला, आणि १९० मिलीचा मोकळाच आहे. तो ऑइल रिंगच असणार, दुसरं कोणी उरलं नाही. मेस्त्री म्हणाले, "इंजिन खोलून रिंगा टाकतो, पाहिजे तर." मी वही काढली. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले, तर १९० च्या हिशेबाने सव्वादोन लिटरच्या आसपास तेल वरून टाकावं लागेल. साडेचारशे रुपये लिटर धरलं, तरी हजार-अकराशे रुपये. इंजिन खोलायचं म्हणजे रिंगा, बेअरिंगं, पॅकिंगं, कदाचित लेथवर बोअर, आणि मजुरी. तेवढ्या पैशात गाडीला आयुष्यभर तेल पाजता येईल. जाड तेल टाकून बघा, असंही एकाने सुचवलं. जाड तेलाने खप थोडा कमी होतो, पण सकाळी इंजिन सुरू करताना तेच तेल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि जाम झालेली रिंग त्याने सुटत नाही. मी पुस्तिकेत दिलेलंच तेल ठेवलं, फक्त बदलण्याचं अंतर दहा हजारांवरून पाच हजारांवर आणलं. ताज्या तेलातल्या साफ करणाऱ्या घटकांनी रिंगेतला कोळसा थोडाफार सुटला तर सुटेल. न सुटल्यास निदान वाढणार तरी नाही.

खरा धोका तेल जळण्यात नसतो, तेल जळतंय हे माहीत नसण्यात असतो. डॅशबोर्डवरचा तो लाल, चिराग-ए-अलादीनसारखा दिवा तेल कमी झालं म्हणून लागत नाही, तेलाचा दाब गेला म्हणून लागतो. चेंबरमधलं तेल खालच्या खुणेच्याही बरंच खाली जाईपर्यंत दाब टिकून असतो. मग एखाद्या वळणावर तेल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडात हवा जाते, दिवा क्षणभर लुकलुकतो. तोवर बेअरिंगांना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हजार किलोमीटरला १९० मिली खाणारी गाडी दहा हजार किलोमीटर न बघता चालवली, तर तीन लिटरांतलं एक लिटरभरच उरतं. म्हणून डिकीत एक लिटरचा कॅन असतो आणि रविवारी सकाळी मी बॉनेट उघडतो. आकडा पाचशेच्या वर गेला, प्लग वारंवार काळे व्हायला लागले, किंवा मित्राला भरदिवसा धूर दिसला, तर इंजिन खोलायचं, असं मेस्त्रींशी ठरलंय. तेल सतत जळत राहिलं की त्यातलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून तो निकामी होत जातो, आणि तो स्वस्त नाही.

मध्यंतरी गाडी विकावी असा घरात ठराव झाला. उमरोळीहून एक गृहस्थ बघायला आले. चक्कर मारली, खूश झाले, आणि उतरल्यावर विचारलं, "तेल खाते का हो?"

"हजार किलोमीटरला १९० मिली," मी म्हणालो, आणि वही पुढे केली.

त्यांनी वहीला हातही लावला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्याच गल्लीतली, त्याच मॉडेलची, शेजारच्या काकांची गाडी घेतली. काकांनी त्यांना सांगितलं होतं की गाडी तेलाचा थेंबही खात नाही. ते बोलत होते ते अगदी मनापासून, कारण त्यांनी ती कांडी आयुष्यात एकदाही काढून बघितलेली नव्हती.